रांगेतली पाचवी

ताझुकोला संघातून काढलं ते व्यायामशाळेच्या सामानाच्या खोलीत, जाळ्या आणि चटयांच्या ढिगाऱ्यामध्ये. किनुएच्या हातात कॅल्क्युलेटर होता. एवढं एक सोडलं तर त्या प्रसंगात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण ताझुकोच्या डोक्यात तो कॅल्क्युलेटर पुढे दीड वर्ष रुतून बसला.

कुरोमाता हे जपानमधलं, डोंगराच्या कुशीतलं छोटं गाव. तिथल्या बायकांचा व्हॉलीबॉल नऊ जणींचा. यात जागा बदलत नाहीत. जी मागच्या कोपऱ्यात उभी राहिली ती सामना संपेपर्यंत तिथेच. दर शरद ऋतूत ‘पन्नाशी चषक’ होतो आणि त्याचा नियम साधा होता: एक एप्रिलला नऊ जणींची जी वयं असतील त्यांची बेरीज साडेचारशे किंवा जास्त हवी, म्हणजे सरासरी पन्नास. पोरीबाळींनी येऊन चषक उचलून नेऊ नये एवढाच त्यामागचा हेतू.

‘चिदोरी’ हा संघ ताझुकोने उभा केला होता. गावच्या कचेरीत रहिवासी नोंदणीच्या खिडकीवर ती तेव्हा काम करायची. नोंदणीला आलेल्या नव्या सुनांना, बदली होऊन आलेल्या मास्तरणींना गोड बोलून ती व्यायामशाळेत ओढून आणायची. किनुए माकाबे त्यातलीच. पंचविशीची, कडेवर मूल, चेंडू आला की डोळे मिटणारी. तिला चेंडू दोन्ही मनगटांवर कसा झेलायचा ते ताझुकोने शिकवलं, तिचं मूल सांभाळलं, किनुएच्या सासूशी ती भांडलीसुद्धा. वीस वर्षांनी किनुए कर्णधार झाली तेव्हा सगळ्यांत मोठ्या टाळ्या ताझुकोच्याच होत्या.

आणि त्या दिवशी सामानाच्या खोलीत किनुए म्हणाली, “ताझुको-सान, राग मानू नका. मी सगळं हिशोबाने केलंय. हिसानोआजी चौऱ्याऐंशीच्या, मित्सुए-सान एकाहत्तरच्या. या दोघी घेतल्या की उरलेल्या सात जणी चाळिशीच्या आसपासच्या चालतात. बेरीज बरोबर साडेचारशे येते.”

“मग माझी अडचण काय?”

किनुएने कॅल्क्युलेटर खिशात टाकला. “तुम्ही छप्पन्नच्या. आजींसारखी तुमच्याने सरासरी उचलली जात नाही आणि आमच्यासारखी उडीही मारली जात नाही. तुमचं वय ना इकडचं ना तिकडचं.”

ताझुकोने मान डोलावली, बूट पिशवीत भरले आणि घरी गेली. ती रडली नाही. रडण्याने किनुएचं काही बिघडणार नव्हतं.

त्या वर्षी ती स्पर्धेच्या समितीत गेली. नोंदणीच्या टेबलावर बसायला कुणीच तयार नसतं, त्यामुळे तिचं स्वागतच झालं. समितीचे अध्यक्ष होसोया हे टपाल खात्यातून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिला शिक्का, पट्टी आणि आठ संघांचे तक्ते दिले. प्रत्येकीचं आरोग्यविम्याचं कार्ड बघायचं, वय तपासायचं, बेरीज मारायची. चिदोरीची कार्डं घेऊन किनुए टेबलासमोर उभी राहिली तेव्हा ताझुको उठून वाकली आणि म्हणाली, “या, माकाबे-सान. बसा.” वीस वर्षं जिला ती ‘अगं किनुए’ म्हणत आली तिला पहिल्यांदाच आडनावाने हाक मारली. किनुएचा चेहरा किंचित उतरला, पण बेरीज बरोबर होती. एकोणचाळीस, चाळीस, बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, एकाहत्तर, चौऱ्याऐंशी. साडेचारशे, ना एक कमी ना एक जास्त. ताझुकोला शिक्का मारावाच लागला.

चिदोरीने चषक जिंकला. हिसानोआजी मागच्या उजव्या कोपऱ्यात उभ्या होत्या, पांढऱ्या पट्ट्याने केस बांधलेल्या, एवढ्याशा. त्यांच्याकडे चेंडू आला की आजूबाजूच्या दोघी धावत येऊन तो उचलायच्या. सर्व्हिसची पाळी मात्र प्रत्येकीला येते, त्यांनाही आली. त्यांनी खालून हात फिरवून चेंडू छताला लागेलसा उंच उडवला आणि तो पलीकडे जाळ्यापाशी पडला. लोकांनी व्यायामशाळा डोक्यावर घेतली. बाकी सगळा वेळ त्या तिथे उभ्या होत्या त्या त्यांच्या वयासाठी. हे त्यांना ठाऊक होतं की नाही, याचा ताझुकोने तेव्हा विचार केला नाही. तिचं लक्ष किनुएच्या उड्यांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठही तक्ते पसरले. कचेरीत असताना गावाच्या लोकसंख्येचं पत्रक दरवर्षी तीच तयार करायची. त्यात दोन आकडे असायचे: सरासरी वय आणि मध्यक वय. सरासरी काढायला सगळ्यांची वर्षं एका पातेल्यात ओतायची आणि सारखी वाढायची. मध्यकाला बेरीज लागत नाही. लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधल्याला त्याचं वय विचारायचं. ताझुकोने पेन्सिलीने प्रत्येक संघाची रांग लावली आणि पाचव्या आकड्याभोवती गोल काढला. दुसऱ्या सात संघांत गोलात एक्कावन्न, बावन्न, पन्नास, त्रेपन्न असले आकडे आले. चिदोरीच्या गोलात त्रेचाळीस आला. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि चहा करून घेतला. कितीतरी महिन्यांनी तिला चहाला चव लागली.

ती तक्रार घेऊन कुणाकडे गेली नाही. तक्रार करणाऱ्याची गावात आठ दिवस कीव करतात आणि मग त्याला टाळतात. तिने वर्षाअखेरच्या मेजवानीची वाट पाहिली. त्या दिवशी आठही संघ व्यायामशाळेत जमतात, भात-माशांचे डबे उघडतात आणि खेळ घेतात. यंदाचा खेळ मी घेते, असं तिने होसोयांना आधीच सांगून ठेवलं होतं.

खेळ अगदी निरागस होता. प्रत्येक संघाने वयाप्रमाणे रांगेत उभं राहायचं, लहान डावीकडे, मोठी उजवीकडे. बायका हसत, एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या. “अगं तू माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी, लपवतेस काय,” अशी चेष्टा चालली होती. मग ताझुको म्हणाली, “आता प्रत्येक रांगेतली पाचवी एक पाऊल पुढे या.”

आठ जणी पुढे आल्या. सात जणींच्या कानशिलांवर पांढरे केस होते, एकीने गुडघ्याला पट्टा बांधला होता. आठवी चिदोरीची नोझोमी, प्राथमिक शाळेतल्या मुलांची आई, लांब वेणी आणि सपाट पोट. ती त्या सात जणींच्या ओळीत उभी राहिली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणी टाळ्या पिटल्या आणि ते हसू भिंतीपर्यंत पसरलं.

“पन्नाशी चषक म्हणे,” मागून कुणी पुटपुटलं. नोझोमी लालबुंद झाली. किनुए रांगेत सातवी होती, तिच्या उजवीकडे एकदम एकाहत्तर आणि चौऱ्याऐंशी. तिने ताझुकोकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. रांगेच्या टोकाला हिसानोआजी हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांना वाकून नमस्कार करत होत्या, कारण टाळ्या आपल्यासाठी आहेत असं त्यांना वाटलं असावं.

पुढचं सोपं होतं. जानेवारीच्या बैठकीत नियम बदलण्याचा ठराव दुसऱ्याच संघाने आणला, ताझुकोला तोंडही उघडावं लागलं नाही. फक्त होसोयांनी तिला समजावून सांगायला सांगितलं.

“म्हणजे सरासरी खोटी का?” त्यांनी विचारलं.

“खोटी नाही. मैदानावर एकूण किती वर्षं उभी आहेत ते सरासरी खरंच सांगते. पण एखादी चौऱ्याऐंशीची असली की तिची पन्नाशीच्या वरची चौतीस वर्षं बाकीच्यांच्या नावावर चढतात. तिथे प्रत्यक्षात कोण उभं आहे ते मध्यक सांगतो. मध्यक पन्नास म्हटलं की नऊपैकी निदान पाच जणी पन्नाशीच्या किंवा वरच्या असायलाच हव्यात. तिथे लबाडी चालत नाही.”

होसोयांनी तक्त्यातल्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “आणि ही टोकाची बाई चौऱ्याऐंशीच्या जागी एकशेचार वर्षांची असती तर?”

“पाचवीचं वय तेच राहील.”

“आणि साठची असती तर?”

“तरी तेच.”

“मग म्हाताऱ्यांना संघात कोण घेईल, ताझुको-सान?”

तिने ते ऐकलं. उत्तर द्यायला हवं हेही तिला कळलं. पण समोर खिडकीजवळ किनुए बसली होती, ओठ घट्ट मिटून, आणि तो चेहरा ताझुकोला इतका गोड लागत होता की तिने नुसतं म्हटलं, “ते संघांनी पाहावं.” ठराव पास झाला: सरासरी पन्नास आणि मध्यकही पन्नास.

चिदोरीची दैना झाली. चाळिशीतल्या तिघी खुल्या गटाच्या संघात निघून गेल्या, नोझोमी त्यातली पहिली. किनुए उन्हाळाभर पन्नाशीच्या बायका शोधत फिरली. भाताच्या गिरणीत, दंतवैद्याच्या बाकावर, कुणाच्या अंत्यविधीला नेतात तशी काळी पर्स घेऊन दारोदार. लोक ताझुकोला येऊन सांगायचे आणि ती “अरेरे” म्हणायची. तो ‘अरेरे’ म्हणताना तिला जे सुख व्हायचं ते तिने कुणापासून लपवलं असेल, स्वतःपासून मुळीच नाही. अखेर किनुएला तिघी मिळाल्या, चोपन्न, बावन्न आणि एक्कावन्नच्या. मित्सुए-सान बहात्तर, हिसानोआजी पंच्याऐंशी. झाल्या पाच. नियमात बसलं, पण आजी कोपऱ्यात, मित्सुए-सान शेजारी आणि तिघी नवशिक्या. चार जणींना नऊ जणींचं मैदान सांभाळायचं.

नोंदणी संपायच्या आधीच्या बुधवारी दुपारी किनुए ताझुकोच्या दारात आली. हातात गोड घेवड्याच्या वड्यांची पेटी, चांगल्या दुकानातली. दाराच्या आतल्या पायरीवर ती गुडघे टेकून बसली आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकली.

“मी चुकले, ताझुको-सान,” ती म्हणाली. “परत या. आजींच्या जागी.”

“आजी कुठे चालल्या?”

“त्या ठेवल्या तर सरासरी साडेचोपन्नच्या घरात जाते, आपल्याला एवढी लागतच नाही. तुम्ही सत्तावन्नच्या. त्यांच्याऐवजी तुम्ही आलात तरी सरासरी साडेएक्कावन्न राहते आणि मध्यक तोच, एक्कावन्न. आणि तुम्हाला खेळता येतं. आता तुमचंच वय हवंय.”

आता तुमचंच वय हवंय. ताझुकोने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा ऐकलं. तिचा संघ, तिची मागची मधली जागा, तिने शिवून घेतलेला निळा गणवेश, सगळं दारात येऊन वाकलं होतं. हो म्हणावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्याहून जास्त वाटलं ते दुसरंच काहीतरी.

“शनिवारी पाचला नोंदणी बंद होते,” ती म्हणाली. “मी टेबलावर असेनच. तिथे सांगते. पेटी मात्र ठेवून जा, माकाबे-सान. पाहुण्याने आणलेलं परत करू नये.”

शनिवारी चार वाजता किनुए आली. तक्त्यावर आठ नावं भरली होती, नववी ओळ रिकामी. बाकी सगळे संघ सकाळीच नोंदवून गेले होते. गावातली पन्नाशीची खेळणारी प्रत्येक बाई आता कुठल्या ना कुठल्या तक्त्यावर होती आणि एकीला दोन संघांत खेळता येत नाही.

“आजींना सांगितलंत?” ताझुकोने विचारलं.

“गुरुवारीच. तुम्ही येणार असं धरून. नुसतं बरं म्हणाल्या.”

हेच तिला हवं होतं. परतीचा रस्ता किनुएने स्वतःच्या हाताने बंद करावा, त्यासाठी तर तिने तीन दिवस थांबवलं होतं. तिने पेनला टोपण लावलं. “मी येत नाही,” ती म्हणाली. “माझं वय बसतंय, पण मी बसत नाही. राग मानू नका. मीही सगळं हिशोबाने केलंय.”

किनुए तिच्याकडे बघत राहिली. मग घड्याळाकडे पाहिलं आणि धावत सुटली. तिची छोटी मोटार आवारातून गेली तो आवाज ताझुकोने शेवटपर्यंत ऐकला. होसोया बाजूच्या टेबलावर संत्रं सोलत होते.

पाचला दहा मिनिटं असताना किनुए हिसानोआजींना घेऊन आली. आजींच्या अंगावर शेतातला मळकट अंगरखा होता, पायांत चिखलाचे रबरी बूट. मुळे उपटत असतील तशाच उचलून आणल्या होत्या. दारात त्यांनी बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि टेबलापाशी येऊन बसल्या. किनुएने तक्ता पुढे सरकवला आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

“इथे सही करा, आजी. तुमच्याशिवाय होणार नाही.”

आजींनी सही केली नाही. त्यांनी कागद उचलला, लांब धरून वाचला आणि ताझुकोला विचारलं, “पोरी, मला हे नवं गणित सांग. मी आले तर मधला आकडा किती?”

“एक्कावन्न.”

“आणि माझ्या जागी एक्कावन्नची कुणी आली तर?”

“एक्कावन्नच.”

“आणि मी नव्वदची होऊन आले तर?”

ताझुकोने टोपण लावलेलं पेन बाजूला ठेवलं. “तरी एक्कावन्न, आजी.”

आजींनी मान हलवली, भाजीचा भाव ऐकावा तशी. “जुन्या नियमात माझं कसं होतं?”

“तुमची पन्नाशीच्या वरची चौतीस वर्षं मोजली जात होती. सगळी.”

“ते मला ठाऊक होतं,” आजी म्हणाल्या. “मला काय खेळता येतं? वर्षातून चार वेळा चेंडू वर उडवते. पण या पोरी माझ्या वर्षांवर उभ्या आहेत हे ठाऊक होतं. घरी सगळे म्हणतात, आता फार वर्षं झाली. इथे तेवढी लागायची. एकही कमी चालली नसती.” त्यांनी किनुएकडे पाहिलं. “हिने मला वयासाठी घेतलं आणि वयासाठी काढलं. हिचं मी समजू शकते.” मग त्या ताझुकोकडे वळल्या. “तू तर मला मोजलंसुद्धा नाहीस.”

“आजी, मी तुमच्याविरुद्ध काही...”

“तेच म्हणते. माझ्याविरुद्धसुद्धा नाही.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि तळहाताने सरळ केला. “एक्कावन्नची कुणीतरी शोध,” त्या किनुएला म्हणाल्या. “मला घरी सोडू नकोस, मी चालत जाईन.” दारात बसून त्यांनी बूट घातले, वेळ लागला, पण कुणाची पुढे व्हायची छाती झाली नाही.

पाच वाजले. किनुए टेबलाला धरून उभी होती आणि रडत होती, वीस वर्षांपूर्वी सासू बोलली की रडायची तशीच, आवाज न करता. तेव्हा ताझुकोने तिला जवळ घेतलं होतं. आता तिने वेळ पाहिली, चिदोरीचा तक्ता पुढे ओढला, पट्टी लावली आणि संघाच्या नावावरून रेघ मारली. गेलं दीड वर्ष ती याच रेघेसाठी जगली होती. रेघ अगदी सरळ आली, हात जराही थरथरला नाही. घरी जाताना तिला त्याचीच भीती वाटली.